ठणका थांबतो, गाल सुजतो

दाढ दुखणे आणि गाल सुजणे ही एकाच आजाराची लक्षणे असली तरी ती एकाच वेळची नसतात. दुखणे दाढेच्या आतले असते. सूज दाढेच्या बाहेरची, हाडाच्याही बाहेरची असते. किडीतून शिरलेले जंतू दाढेच्या पोटातून मुळाच्या टोकाशी उतरतात, तिथून जबड्याच्या हाडात शिरतात आणि हाड पोखरून गालाच्या मऊ भागात आले की गाल वर येतो. म्हणजे गाल सुजतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. या वाटचालीत ठणका दोनदा आपोआप ओसरतो, आणि दोन्ही वेळा आजाराने एक मजल आणखी मारलेली असते. दवाखान्यात जायला उशीर होतो तो बहुतेक वेळा या दोन फसव्या उसंतींमुळेच.

दाढेवरचे पांढरे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली थोडा मऊ, पिवळसर थर असतो आणि त्याच्या आत एक पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ गर असतो. बोलीत त्यालाच ‘नस’ म्हणतात. हा गर मुळांच्या बारीक नळ्यांतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाला असलेल्या अगदी लहान छिद्रातून जबड्यातल्या रक्तपुरवठ्याशी जोडलेला असतो. बोट दारात चेमटले तर ते सुजून दुप्पट होते, कारण त्याला सुजायला जागा असते. दाढेतला गर मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. तो सुजला की आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि ठणका सुरू होतो. आडवे पडल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हे दुखणे रात्री उसळते.

या टप्प्याच्या आधी एक सौम्य टप्पा असतो. थंड पाणी किंवा गोड लागले की झिणझिणी येते आणि काही क्षणांत जाते. इथे कीड काढून सिमेंट भरले की काम संपते. झिणझिणी मिनिटे-मिनिटे टिकू लागली, काहीही न खाता ठणका उठू लागला, गरम चहाने कळ वाढून थंड पाण्याच्या गुळणीने थांबू लागली, की गर आता सावरणार नाही असे समजावे. अशा वेळी रुग्ण पाण्याची बाटली हातात धरूनच दवाखान्यात येतात. दर दोन मिनिटांनी घोट तोंडात धरायचा आणि कळ उठली की बदलायचा. ही एक सवय पाहूनच अनुभवी डेंटिस्टला अर्धे निदान झालेले असते.

पुढे काही दिवसांत गर मरतो आणि ठणका थांबतो. थंड लागत नाही, गरम लागत नाही, रात्री झोप लागते. ही पहिली उसंत. लवंग लागू पडली, गुळण्यांनी गुण आला, असे घरात सांगितले जाते. प्रत्यक्षात वेदना सांगणारे मज्जातंतूच मेलेले असतात. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, त्यामुळे तिथल्या जंतूंना रोखणाऱ्या पेशीही पोचत नाहीत. जंतूंना याहून निवांत जागा मिळणार नाही.

काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, जंतू आणि त्यांची विषद्रव्ये मुळाच्या टोकातून हाडात झिरपतात. आता दुखण्याची तऱ्हा बदलते. थंड-गरमाशी त्याचा संबंध उरत नाही, पण दाढ उंच झाल्यासारखी वाटते, त्या बाजूने चावता येत नाही, बोटाने ठोकले तरी कळ येते. गराच्या दुखण्यात नेमकी कोणती दाढ दुखते ते सांगता येत नाही, कधी तर वरची की खालची हेही कळत नाही. आता मात्र रुग्ण नेमक्या दाढेवर बोट ठेवतो. हाडात पू साठू लागला की ठणका पराकोटीला जातो, कारण पुन्हा तेच: कोंडलेली जागा आणि वाढता दाब. मग एखाद्या रात्री पू हाडाची बाहेरची भिंत आणि तिच्यावरचे आवरण फोडून मऊ भागात उतरतो. दाब सुटतो, ठणका निम्म्याने कमी होतो आणि सकाळी आरशात गाल सुजलेला दिसतो. ही दुसरी उसंत, आणि पहिलीपेक्षा अधिक धोक्याची. ‘दुखणे कमी आहे, फक्त सूज आहे’ हे वाक्य दवाखान्यात फार वेळा ऐकू येते. त्यातला ‘फक्त’ हा शब्द जागा चुकलेला असतो.

बाहेर पडलेला पू कुठे जाईल हे मुळाचे टोक कुठे आहे आणि आसपासचे स्नायू हाडाला कुठे चिकटले आहेत यावर ठरते. गालाचा स्नायू वरच्या आणि खालच्या जबड्याला दाढांच्या बाहेरून चिकटलेला असतो. पू या स्नायूच्या तोंडाकडच्या बाजूला फुटला, तर हिरडीवर फोड येतो आणि तो फुटून खारट-कडवट पू तोंडात येतो. रुग्णाच्या दृष्टीने हा नशिबाचा भाग. पू स्नायूच्या पलीकडे फुटला, तर गाल फुगतो. वरच्या सुळ्याचे मूळ लांब असते. तिथला पू नाकाच्या कडेने चढतो आणि डोळ्याखाली सूज येते, कधी पापण्या मिटतात. खालच्या मागच्या दाढांचे गणित आणखी वेगळे आहे. जिभेखाली जबड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत झोळीसारखा पसरलेला एक स्नायू असतो. तोंडाचा तळ म्हणजे तोच. खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या मुळांची टोके बहुधा या झोळीच्या खाली असतात. त्यांचा पू तोंडात न येता थेट जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या भागात उतरू शकतो. तोंडात पाहिले तर विशेष काही दिसत नाही. सगळे बाहेरून, हनुवटीच्या मागे चाललेले असते. म्हणूनच याच दाढांच्या सुजेकडे सर्वांत जास्त संशयाने पाहायला हवे.

सूज हाताला कशी लागते यावरूनही बरेच कळते. पहिल्या एक-दोन दिवसांत ती पसरट, घट्ट, तापलेली आणि कडा न सापडणारी असते. तेव्हा पू एका जागी साठलेला नसतो, संसर्ग मऊ भागातून पसरत असतो. पुढे मधला भाग मऊ पडतो, दाबल्यावर आत पातळ काही हलल्यासारखे लागते आणि वरची कातडी लाल, चकचकीत होते. म्हणजे गळू पिकले. मऊ पडलेल्या सुजेपेक्षा घट्ट, पसरत जाणारी सूज अधिक काळजीची. लोकांचा समज नेमका उलटा असतो. ‘अजून पिकले नाही, पिकू द्या’ असे म्हणत थांबण्यात जे दोन दिवस जातात, त्यातच संसर्ग गळ्याकडे सरकतो.

प्रत्येक सुजलेला गाल दाढेमुळेच सुजतो असे नाही. गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली आणि पुढे येते, ताप असतो, अनेकदा दोन्ही बाजू सुजतात आणि दाढा निरोगी असतात. लाळेच्या नळीत खडा अडकला असेल, तर जेवायला बसताच, आंबट पाहताच सूज येते आणि तासाभरात उतरते. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकून होणारा संसर्ग मात्र दाढेच्याच खात्यातला, आणि विशी-पंचविशीतल्या रुग्णांत नेहमीचा. त्यात कीड नसतानाही गाल सुजतो आणि तोंड उघडायला त्रास होतो.

दवाखाना उघडेपर्यंतची रात्र काढण्यासाठी जे उपाय करायचे त्यांच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी. दाढेच्या वेदनेवर इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन साध्या औषधांची जोडी सर्वांत भरवशाची ठरली आहे. दोघांची काम करण्याची रीत वेगळी असल्याने ती एकमेकांना पूरक पडतात. धडधाकट प्रौढाला इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात काही घालून, सहा ते आठ तासांच्या अंतराने आणि त्यासोबत पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम चालते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी उसळणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असेल, तर इबुप्रोफेन टाळून फक्त पॅरासिटामॉलवर थांबावे. पावसाळ्यात अंगदुखीसह चढता ताप असून डेंग्यूची शंका असेल, तेव्हाही हेच.

इथे एक खड्डा आहे. मेडिकलमध्ये ‘दाढदुखीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांत दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात आणि त्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. तापाची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, दाढेची वेगळी अशा तीन गोळ्या दिवसातून चार-पाच वेळा घेणारा माणूस नकळत तेच औषध तीन मार्गांनी घेत असतो. पॅरासिटामॉल चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. रोज दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने त्याच्या बरेच आत थांबावे. जास्त मात्रेने यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी जाणवत नाही. ठणका न थांबल्यामुळे गोळ्या वाढवत जाणे हा दाढदुखीतला नेहमीचाच अपघात आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचायला चष्मा लावावा.

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या केल्या, तर अडकलेले अन्न निघते, हिरडीवरच्या फोडातून पू वाहत असेल तर तो वाहता राहतो आणि अक्कलदाढेच्या झाकणाखालचा भाग धुतला जातो. हाडातल्या पुवापर्यंत मिठाचे पाणी पोचत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, तेवढाच वेळ थांबावे, मग पुन्हा. उशाशी दोन उश्या घेऊन डोके उंच ठेवले की रात्रीचा ठणका जरा सोसवतो. पाणी आणि पातळ खाणे चालू ठेवावे. गाल सुजलेला माणूस गिळायला त्रास होतो म्हणून पाणी टाळतो आणि तापात आणखी खचतो.

लवंगेच्या तेलाची ख्याती खोटी नाही. त्यातला युजेनॉल हा घटक मज्जातंतू बधिर करतो, आणि दंतवैद्यकातही झिंक ऑक्साइडबरोबर मिसळून त्याचे तात्पुरते सिमेंट पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. पण तो उपयोगी पडतो तो किडलेला खड्डा उघडा असून गर जिवंत असेल तोवर. कापसाच्या लहान बोळ्यावर एक थेंब घेऊन तो खड्ड्यात ठेवावा. हिरडीवर आणि गालावर सांडलेले तेल तिथली त्वचा भाजते. गाल सुजला म्हणजे गर बहुधा केव्हाच मेलेला असतो. तेव्हा लवंग बधिर करणार तरी कशाला?

हिरडीशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर तिथली त्वचा पांढरी पडून सोलते. गोळी काम करते ती पोटात गेल्यावर. लसणाची चटणी, कापूर, दारूचा घोट यांनीही जळून जखम होते आणि नवी आग जुन्या ठणक्याला झाकते, इतकेच. महाराष्ट्रात विशेष घातक ठरते ती मशेरी आणि दाढेशी धरलेली तंबाखू. दाढदुखीवर म्हणून धरलेली चिमूट पुढे सवय होते, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या बायकांत, आणि ज्या जागी ती रोज ठेवली जाते त्या जागच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गालाला बाहेरून गरम शेक देण्याची रीतही घरोघर आहे. शेकाने तिथला रक्तप्रवाह वाढतो, सूज वाढते आणि पुवाला कातडीकडे वाट मिळू शकते. जबड्याच्या कडेवर कायमचा खळगा ठेवून जाणारे व्रण असेच होतात. सुईने फोड टोचणे, दाबून पिळणे याबद्दल तर बोलायलाच नको.

‘दाढेतला किडा’ काढणाऱ्यांचा उल्लेख इथे करावा लागतो, कारण बाजाराच्या दिवशी ते आजही भेटतात. दाढेत किडा असतो ही समजूत बॅबिलोनच्या काळापासूनची आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या आणि आपल्याकडे काटेरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घेत. मग पाण्यात पांढरे, बारीक, अळीसारखे तुकडे दाखवले जात. ते जळलेल्या बियांमधून निघालेले अंकुर, किंवा सरळ हातचलाखी. पिएर फोशार या फ्रेंच शल्यविशारदाने १७२८ च्या आपल्या ग्रंथात किडीच्या अळीची कल्पना नाकारली होती. आपल्या भाषेतला ‘कीड’ हा शब्द मात्र अजून तिची आठवण ठेवून आहे.

सुजलेल्या गालावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला जातो तो अँटिबायोटिकवर, आणि सर्वांत जास्त गफलतही तिथेच होते. नियमाने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत अशा या गोळ्या काउंटरवर सहज मिळतात. तीन दिवस घेतल्यावर सूज उतरते आणि रुग्णाला वाटते, झाले. औषध रक्तातून पोचते. मेलेल्या गरात रक्तच जात नाही, आणि पुवाच्या पिशवीच्या आतही फार थोडे जाते. गोळी आसपासच्या जिवंत भागातला संसर्ग दाबते, उगम तसाच राहतो. काही आठवड्यांनी सूज परत येते, आणि या वेळी उरलेले जंतू त्या औषधाला सरावलेले असू शकतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा सूर हाच आहे: ताप किंवा पसरत्या संसर्गाची चिन्हे नसतील आणि दाढेवर उपचार मिळणार असेल, तर प्रौढांना निव्वळ दाढदुखीसाठी किंवा एका जागी राहिलेल्या गळवासाठी अँटिबायोटिक देऊ नये. ताप आहे, सूज पसरते आहे, तेव्हा ते हवेच. पण दाढेच्या उपचारासोबत, त्याच्याऐवजी नव्हे.

याहून वाईट म्हणजे ‘सूज उतरायची गोळी’. कधी ती स्टेरॉइड असते. स्टेरॉइड सूज खरोखर झपाट्याने उतरवते, पण सूज ही शरीराने संसर्गाला घातलेली नाकेबंदी असते. नाकेबंदी उठते, आरशात गाल बरा दिसतो, जंतू मोकळे फिरतात, आणि रुग्ण मधुमेही असेल तर साखरही वर जाते. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली गोष्ट वेगळी. दुकानदाराच्या पुडीतली पांढरी गोळी कसली आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

दवाखान्यात जे करतात ते समजायला सोपे आहे: कोंडलेला पू बाहेर काढायचा आणि त्याचा उगम बंद करायचा. दाढ वाचण्याजोगी असेल, तर वरून छिद्र पाडून मेलेला गर काढतात, नळ्या साफ करतात. अनेकदा छिद्र पडताच पू वर येतो आणि रुग्णाचा चेहरा त्याच क्षणी सैल पडतो. हाच रूट कॅनालचा पहिला टप्पा. दाढ वाचणार नसेल, तर ती काढतात आणि मोकळ्या खाचेतून पू वाहून जातो. गळू मऊ पडले असेल, तर तोंडाच्या आतून लहानसा चिरा देऊन त्यात रबराची पट्टी ठेवतात, म्हणजे जखम लगेच मिटत नाही.

‘सूज असताना दाढ काढू नये’ हा समज इतका मुरलेला आहे की काही डॉक्टरही तो पाळतात. त्यामागे एक खरी अडचण आहे. सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि आम्लतेत भूल देणारे औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. त्यामुळे तिथेच इंजेक्शन दिले तर दाढ बधिर होत नाही आणि रुग्णाला असह्य दुखते. त्यावर तोडगा म्हणजे सुजेपासून दूर, मज्जातंतू जबड्यात शिरतो त्या जागी इंजेक्शन देणे. तसे केले की बहुतेकदा काम होते. उगम लवकर काढला तर रुग्ण लवकर बरा होतो, हा आजचा अनुभव आहे. दुसरा समज, वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो हा. दाताचा आणि दृष्टीचा मज्जातंतू वेगळा. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट न काढलेल्या वरच्या दाताचा संसर्ग चेहऱ्यावरच्या शिरांतून उलटा वाहून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेत गुठळी करू शकतो. हे क्वचित घडते, पण डोळा जातो तो अशाने.

आजार कसा पुढे सरकतो ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या घटनाक्रमातून पाहावे. पंचेचाळिशीचा एक रिक्षाचालक. मधुमेह आहे, गोळ्या अधूनमधून चुकतात. खालची उजवीकडची, शेवटून दुसरी दाढ दोन महिन्यांपूर्वी आठवडाभर ठणकली आणि आपोआप थांबली. सोमवारी त्या बाजूने चावताना कळ आली. बुधवारी रात्रभर झोप नाही. गुरुवारी सकाळी ठणका निम्मा, पण जबड्याच्या कडेला सूज. याच दिवशी दवाखान्यात गेला असता, तर दाढ उघडून किंवा काढून, पुवाला वाट करून, खुर्चीवरच तासाभरात काम झाले असते. त्याने मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि रिक्षा चालवली. शुक्रवारी तोंड दोन बोटांएवढेच उघडत होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावू लागली म्हणजे संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचला. शनिवारी सूज जबड्याची कड ओलांडून हनुवटीखाली आली, दोन्ही बाजूंनी, हाताला लाकडासारखी घट्ट, ताप १०२. रविवारी जीभ वर उचललेली, लाळ गिळता येईना, आवाज तोंडात घास असल्यासारखा, आणि आडवे पडले की गुदमरायला होई, म्हणून तो पुढे वाकून बसून राहिला.

या अवस्थेला नाव आहे. स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या डॉक्टरांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला लुडविग्ज अँजायना म्हणतात. हृदयाशी तिचा संबंध नाही. ‘अँजायना’ या शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळला जाणे. जिभेखालच्या झोळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे सूज आल्याने जीभ वर आणि मागे ढकलली जाते व श्वासाची वाट बंद होत जाते. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, आणि मृत्यू बहुधा गुदमरून येई. आज बहुसंख्य वाचतात, पण त्यासाठी काय करावे लागते ते पाहा. तोंड उघडत नाही, म्हणून रुग्ण जागा असतानाच नाकातून दुर्बिणीच्या मदतीने श्वासनलिकेत नळी घालावी लागते. ते जमले नाही, तर गळ्याला छिद्र पाडावे लागते. मग जबड्याखाली चिरे, त्यांत निचऱ्याच्या नळ्या, शिरेतून औषधे, इन्सुलिन, अतिदक्षता विभागातले दिवस. आणि शेवटी तीच दाढ काढायची, जी गुरुवारी खुर्चीवर निघाली असती.

खर्चाचे गणित किती उलटे होऊ शकते याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मेरीलँडमध्ये २००७ साली १२ वर्षांच्या एका मुलाचा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूत पोचून मृत्यू झाला. दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. मेंदूवरच्या दोन शस्त्रक्रिया आणि कित्येक आठवड्यांच्या रुग्णालयवासाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

मधुमेहात हा सगळा प्रवास वेगाने होतो. वाढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि संसर्गाने साखर आणखी चढते. दोन्ही एकमेकांना रेटत राहतात. गाल सुजलेला असताना खाणे कमी झाले म्हणून मधुमेहाची औषधे मनाने बंद करू नयेत. साखर तपासून डॉक्टरांना विचारावे. मुलांत सूज तासातासाने वाढते आणि पाणी न प्यायल्याने मूल लवकर मलूल पडते. शिवाय दुधाच्या दाढेखालच्या पुवाने तिच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताचे कवच बिघडते, त्यामुळे ‘दुधाचीच तर आहे, पडेल’ हा युक्तिवाद टिकत नाही. गर्भारपणातही पू काढणे आणि दाढेवर उपचार करणे पुढे ढकलू नये. आईच्या अंगात मुरलेला संसर्ग आणि ताप बाळाला उपचारापेक्षा जास्त घातक असतो.

नुसता ठणका असेल आणि सूज नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला तरी चालते. गाल सुजला की त्याच दिवशी जावे, दुखणे थांबले असले तरी. डोळा मिटत चालला, तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागले, सूज जबड्याखाली उतरली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, थंडी वाजून ताप आला किंवा आडवे पडवेना, तर नाक्यावरचा दाताचा दवाखानाही पुरणार नाही. भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय लागते. दिवसा सरकारी दंत महाविद्यालयात माफक खर्चात उपचार मिळतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. रात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला अपघात विभाग उघडा असतो, आणि १०८ ची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत मिळते. तिथे पोचल्यावर ‘दाढ दुखते’ एवढेच सांगू नये, कारण दाढदुखीला सकाळी या म्हणतात. ‘गळ्याखाली सूज आली आहे, थुंकी गिळता येत नाही, आडवे पडवत नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.